शून्यावर थांबलेला काटा

विभवमापीने घटाचा अंतर्गत रोध काढताना एक प्रश्न वर्गात हमखास येतो. दुसऱ्या संतुलनाच्या वेळी गॅल्व्हनोमापीचा काटा शून्यावर असतो, म्हणजे घटातून धारा वाहत नाही. मग अंतर्गत रोधाचा परिणाम दिसतोच कसा? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

1825 साली गेओर्ग ओहम तारांचे प्रयोग करीत होता, तेव्हा त्याचा व्होल्टाचा घट सारखा दगा देई. मंडल जोडले की धारा घसरू लागे. धनाग्रावर हायड्रोजनचा थर साचतो आणि घटाचा जोर उतरतो, हे त्यामागचे कारण. जर्मन नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला घट सोडून तापविद्युत युग्म वापरण्याचा सल्ला दिला. बिस्मथ व तांब्याचे युग्म, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. या स्थिर उगमावर 1826 मध्ये ओहमचा नियम हाती आला.

पण मग घटाचे विद्युत चालक बल मोजायचे कसे? मोजण्यासाठी धारा घेतली की मोजायची गोष्टच बदलते! 1841 मध्ये पोगेनडॉर्फ यांनीच तोड काढली. दुसऱ्या, अधिक जोरकस घटाने तारेवर विभवांतर निर्माण करायचे आणि मोजायचा घट त्याच्या विरुद्ध जोडायचा. दोन्ही तुल्यबळ झाले की काटा स्थिर. घटाकडून काहीच न घेता त्याचे मोजमाप होते.

सेतूची कथा याला समांतर आहे. वूलिच येथील लष्करी अकादमीतील सॅम्युएल ख्रिस्टी यांनी ही जोडणी 1833 मध्ये मांडली होती. व्हीटस्टन यांनी 1843 च्या व्याख्यानात ती रोध मोजण्यासाठी वापरून दाखवली आणि श्रेय ख्रिस्टींना दिले. नाव मात्र व्हीटस्टन यांचेच चिकटले. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दोन्हींमधला फरक. सेतूत आपण फक्त रोधांची गुणोत्तरे जुळवतो, म्हणून त्याला जोडलेली बॅटरी थोडी उतरली तरी संतुलन बिंदू जागेवर राहतो. विभवमापीत पहिले व दुसरे संतुलन यांच्या दरम्यान मुख्य बॅटरी उतरली, तर सारे गणित चुकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दहा मीटरच्या तारेवर 3 व्होल्ट विभवांतर आहे, म्हणजे दर सेंटिमीटरला 0.003 व्होल्ट. लेक्लांशे घटाचे संतुलन 480 सेंमीवर मिळाले. त्याचे विद्युत चालक बल 1.44 व्होल्ट. आता घटाला समांतर 5 ओहमचा रोध जोडून त्याची कळ दाबली. नवे संतुलन 400 सेंमीवर आले, म्हणजे 1.20 व्होल्ट. काटा शून्यावर आहे याचा अर्थ गॅल्व्हनोमापीच्या फांदीत धारा नाही, एवढाच. घट मात्र 5 ओहममधून 0.24 अँपिअर धारा पाठवतो आहे. या वेळी आपण घटाच्या अग्रांमधले विभवांतर मोजले, आणि कमी पडलेले 0.24 व्होल्ट घटाच्या आतच खर्च झाले. म्हणून अंतर्गत रोध 1 ओहम. r = R(l1 − l2)/l2 या सूत्रात हीच गोष्ट आहे.

5 ओहमच का, असेही विद्यार्थ्यांना विचारावे. 50 ओहम घेतला तर दुसरे संतुलन सुमारे 470.6 सेंमीवर येईल. दोन वाचनांत प्रत्येकी अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर 9.4 सेंमीच्या फरकात एक सेंटिमीटर गेला. उत्तर दहा टक्क्यांहून अधिक चुकू शकते. 80 सेंमीच्या फरकात तीच चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. उलट 1 ओहम घेतला तर धारा 0.72 अँपिअरवर जाते आणि ओहमला छळणारे दुखणे आपल्या टेबलावर येते.

ते ओळखणे सोपे आहे. रोधाची कळ दाबून ठेवली की संतुलन बिंदू हळूहळू मागे सरकतो. 400 चा 390 झाला तर सूत्र 1.15 ओहम सांगेल. अशा वेळी कळ सोडून पहिले संतुलन लगेच पुन्हा पाहावे. ते 480 ऐवजी 474 वर मिळाले आणि काही मिनिटांत वर चढू लागले, तर वाढलेल्या उत्तराचा काही भाग अंतर्गत रोधाचा नसून घटाचे विद्युत चालक बलच उतरल्याचा आहे. म्हणून रोधाची कळ वाचनापुरतीच दाबायची, आणि दोन वाचनांमध्ये घटाला विसावा द्यायचा. काटा मात्र एकाच बाजूला झुकत राहिला, तर घटाचे दोष शोधण्याआधी धनाग्रे तारेच्या एकाच टोकाला जोडली आहेत ना, आणि तारेवरचे विभवांतर घटाहून जास्त आहे ना, हे पाहावे.