हरभऱ्याचा दर किती बदलला तर पीक नियोजन बदलावे?

रब्बीच्या पेरणीपूर्वी नफ्याचा हिशेब मांडताना बाजारभाव गृहीत धरावा लागतो. प्रत्यक्ष भाव वेगळा निघाला तर कोणते पीक किती एकर घ्यायचे, हे उत्तर बदलेल का? लिनिअर प्रोग्रामिंग पद्धतीत प्रत्येक पिकाच्या एकरी नफ्याला उद्दिष्टाचा सहगुणक म्हणतात. हा सहगुणक किती वर-खाली झाला तरी नियोजन तेच राहते, याची मर्यादा काढता येते.

उदाहरण

शेत १० एकर. विहिरीचे पाणी हंगामात ३६ एकर-पाळ्यांना पुरते (एक एकर एकदा भिजवणे म्हणजे एक एकर-पाळी). गव्हाला ६ आणि हरभऱ्याला २ पाळ्या धरल्या आहेत. आकडे हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. स्वतःच्या शेताचे आकडे वापरावेत.

- गहू : एकरी १५ क्विंटल, दर २,६०० रुपये, खर्च २१,००० रुपये, नफा १८,००० रुपये
- हरभरा : एकरी ८ क्विंटल, दर ५,००० रुपये, खर्च २५,००० रुपये, नफा १५,००० रुपये

तुलना करण्यासारखे तीन पर्याय आहेत :

- फक्त हरभरा १० एकर : १,५०,००० रुपये
- फक्त गहू ६ एकर (पाणी संपते, ४ एकर पडीक) : १,०८,००० रुपये
- गहू ४ एकर व हरभरा ६ एकर : १,६२,००० रुपये

तिसरा पर्याय सर्वोत्तम आहे. त्यात दोन्ही पिके आहेत. जमीन आणि पाणी दोन्ही पूर्ण वापरले जातात. या रचनेलाच ‘बेसिस’ म्हणतात.

मर्यादा कशी काढावी?

शेजारच्या पर्यायाकडे सरकल्यास काय मिळते आणि काय जाते, ते पाहावे.

फक्त हरभऱ्याकडे सरकताना गव्हाचा एक एकर काढून तिथे हरभरा घेतला जातो. म्हणजे हरभऱ्याचा एकरी नफा गव्हाच्या १८,००० रुपयांपेक्षा जास्त झाला तरच हा बदल परवडतो. ही वरची मर्यादा.

फक्त गव्हाकडे सरकताना गव्हाच्या एका वाढीव एकराला ६ पाळ्या लागतात. तेवढ्या पाण्यासाठी ३ एकर हरभरा सोडावा लागतो. म्हणून तीन एकर हरभऱ्याचा नफा १८,००० रुपयांखाली, म्हणजे एकरी ६,००० रुपयांखाली गेला, तरच हा बदल परवडतो. ही खालची मर्यादा.

सध्याचा नफा १५,००० रुपये असल्याने तो एकरी ३,००० रुपये वाढू शकतो किंवा ९,००० रुपये घटू शकतो. ८ क्विंटलने भागल्यास दराची वाढ ३७५ रुपये आणि घट १,१२५ रुपये येते. उत्पादन व खर्च तेच राहिल्यास, हरभऱ्याचा दर ३,८७५ ते ५,३७५ रुपयांदरम्यान असेपर्यंत ४ आणि ६ एकरांचे नियोजन कायम राहते.

नियोजन कायम राहते, नफा मात्र नाही. दर १०० रुपये घसरला तर ६ एकरांत ४,८०० रुपये कमी मिळतील. तरीही उपलब्ध पर्यायांत हाच सर्वोत्तम असतो.

गव्हाचा नफा याच रीतीने १५,००० ते ४५,००० रुपयांदरम्यान राहायला हवा. म्हणजे गव्हाला खालच्या बाजूने जागा कमी आहे. दर २०० रुपये घटला, किंवा उत्पादन १५ वरून सुमारे १३.८ क्विंटलपर्यंत आले, की मर्यादा गाठली जाते. त्यामुळे गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज अधिक काळजीने घ्यावा.

मर्यादेवर काय होते?

हरभऱ्याचा नफा बरोबर १८,००० रुपये झाला तर सध्याचे नियोजन आणि १० एकर हरभरा, दोन्हींत १,८०,००० रुपयेच मिळतात. त्यापुढे गहू पूर्ण बाहेर पडतो आणि १६ एकर-पाळ्या पाणी शिल्लक राहते. बदल हळूहळू होत नाही, एकदम होतो.

दोन्ही दर एकाच वेळी बदलले तर

ही मर्यादा एका वेळी एकच सहगुणक बदलला तर लागू पडते. समजा हरभरा क्विंटलला २५० रुपयांनी वाढला आणि गहू १०० रुपयांनी उतरला. दोन्ही बदल आपापल्या मर्यादेत आहेत. पण हरभऱ्याचा नफा १७,००० आणि गव्हाचा १६,५०० रुपये होतो, म्हणजे नियोजन बदलते.

यासाठी शंभर टक्क्यांचा नियम वापरावा. हरभऱ्याने ३,००० पैकी २,००० म्हणजे ६७ टक्के, तर गव्हाने ३,००० पैकी १,५०० म्हणजे ५० टक्के मर्यादा वापरली. बेरीज १०० पर्यंत असेल तर नियोजन कायम राहते. जास्त असेल तर ते बदलेलच असे नाही. नव्या आकड्यांनी गणित पुन्हा सोडवावे.

एक्सेलमध्ये

Solver मध्ये `Simplex LP` निवडून उत्तर आल्यावर `Sensitivity` अहवाल घ्यावा. `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` या रकान्यांत याच मर्यादा दिसतात : हरभऱ्यासाठी ३,००० व ९,०००, गव्हासाठी २७,००० व ३,०००. एखाद्या रकान्यात शून्य दिसल्यास बहुधा तेवढाच नफा देणारे दुसरे नियोजनही असते.

पिके तीन-चार असतील तर हाताने करण्यापेक्षा हा अहवाल सोपा पडतो. मात्र पाण्याचा किंवा जमिनीचा आकडा बदलला, तर मर्यादा पुन्हा काढाव्यात.