पाण्याचा रेणू वाकडा का?

श्रोतेहो, मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. पाण्याच्या या गुणाचं मूळ त्याच्या रेणूच्या वाकडेपणात आहे.

१९१६ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवले. पाण्यासाठी ऑक्सिजनभोवती सहा ठिपके मांडा, दोन हायड्रोजनांचा एकेक मिळवा. आठ झाले, म्हणजे चार जोड्या. दोन जोड्या हायड्रोजनला बांधतात, दोन मोकळ्या राहतात.

पण या चित्रातून आकार कळेना. १९४० साली सिजविक आणि पॉवेल यांनी मांडलं, की जोड्या एकमेकींना दूर लोटतात. चार जोड्यांमधला कोन मग १०९.५ अंशांचा व्हावा. १९५७ साली गिलेस्पी व नायहोम यांनी पुढचं सांगितलं: मोकळी जोडी जास्त रेटते. म्हणूनच पाण्यातला कोन १०४.५ अंशच भरतो. कोन घटेल एवढं हा नियम सांगतो. किती, ते मोजावंच लागतं.

वाकडेपणामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची धन राहते. त्या बाजू मिठाचे कण ओढून सुटे करतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनवर मोकळी जोडीच नाही. रेणू सरळ राहतो, दोन्हीकडची ओढ सारखी होऊन फिटते. तेव्हा शिक्षकबंधूंनो, फळ्यावर मधल्या अणूच्या मोकळ्या जोड्या आधी मोजून घ्या.