नमुना सही आणि चेकवरील सहीची पडताळणी

नमुना सही : खाते उघडताना खातेदाराने बँकेला दिलेली सही. पुढे त्याच्या खात्यावर येणारा प्रत्येक चेक या सहीशी ताडून पाहिला जातो. पूर्वी ती कार्डावर घेऊन शाखेतल्या कपाटात ठेवत. आता ती स्कॅन करून खात्याला जोडलेली असते.

क्लिअरिंगमधला चेक आज खातेदाराच्या बँकेपर्यंत कागद म्हणून पोहोचत नाही. ‘चेक ट्रंकेशन’ पद्धतीत (मुंबईत २०१३ पासून) तो जिथे भरला तिथेच थांबतो. पुढे जातात त्याच्या प्रतिमा. छटा दिसतील अशी एकच, पुढल्या बाजूची करडी प्रतिमा असते आणि तिची घनता इंचाला १०० बिंदू इतकीच. पेनाचा दाब किंवा कागदावर उमटलेली खोच तिच्यात दिसत नाही. पासिंग करणारा अधिकारी पडद्यावर दोन्ही सह्या शेजारी-शेजारी पाहतो : पहिले अक्षर, अक्षरांची परस्परांशी उंची, तिरपेपणा, हात कुठे उचलला आहे, खालची रेघ, टिंबे. नक्कल केलेली सही बहुधा सावकाश, अडखळत काढलेली असते, पण एवढ्या धूसर चित्रात म्हाताऱ्या हाताचा कंपही तसाच दिसतो. किती जुळले म्हणजे पुरे, याचे सर्वमान्य माप नाही. मोठ्या रकमेला दुसरा अधिकारी सही पाहतो, क्वचित खातेदाराला फोन जातो. वेळ मात्र थोडा असतो : ४ ऑक्टोबर २०२५ पासून, सादर झालेल्या चेकला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार न कळवल्यास तो मंजूर धरला जातो.

शंका आली की अधिकारी चेक परत का करतो, याचे कारण कायद्यात आहे. खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे. तो वटवला तर नुकसान बँकेचे. ‘कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ (१९८७) या खटल्यात कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्यांचे ४२ चेक वटवले होते. कंपनीने खातेउतारे नीट पाहिले नाहीत, हा बँकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. उलट, खरा चेक विनाकारण परत केल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ३१ खाली भरपाई मागता येते, पण त्यासाठी भांडायला फार थोडे खातेदार उभे राहतात.

एक नमुना घेऊ. साताऱ्याच्या एका शिक्षिकेने १९९८ मध्ये खाते उघडताना पूर्ण नावाची मराठी सही केली. पुढे पगार खात्यात, पैसे एटीएममधून. चेकचे काम क्वचितच पडले. दरम्यान हजेरीपटावर रोज सह्या करून सही आखडली : आडनाव गेले, उरले आद्याक्षर आणि एक लांब रेघ. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीला १८,००० रुपयांचा चेक दिला. खात्यात पैसे होते, सही त्यांचीच होती, तरी रिटर्न मेमोवर कारण आले १२, म्हणजे ‘सही जुळत नाही’. इथे अधिकाऱ्याला दोष देणे कठीण आहे. त्याच्यासमोर दोन वेगळी चित्रे होती. काही वेळा मात्र दोष बँकेच्या नोंदीत असतो : पिवळ्या पडलेल्या कार्डाचे फिके स्कॅन, कापताना सुटलेली रेघ, किंवा टॅबच्या काचेवर घेतलेली सही.

असा चेक परत आला की केवळ बँकेच्या दंडावर भागत नाही. लक्ष्मी डायकेम खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने सही न जुळल्याने परत आलेला चेकही कलम १३८ च्या कक्षेत येऊ शकतो, असे ठरवले. घेणेकऱ्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली, तर गुन्हा उभा राहत नाही.

नमुना सही बदलायला खातेदाराने स्वतः, शक्यतो मूळ शाखेत जावे. अर्जावर जुनी आणि नवी अशा दोन्ही सह्या लागतात. सोबत पासबुक, ओळखपत्र, फोटो. जुनी सही आता जमतच नसेल तर तसे लिहून द्यावे. अधिकारी ओळख पटवून नवी सही आपल्यासमोर घेतो. लग्नानंतर नावही बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते. एक कर्मचारी नवी सही चढवतो, दुसरा मंजूर करतो, मगच ती लागू होते. घोटाळा होतो तो इथे : जुन्या सहीने आधीच दिलेले पुढच्या तारखांचे चेक नव्या नोंदीशी जुळणार नाहीत. त्यांचे क्रमांक अर्जात लिहावेत आणि शक्य असेल तर ते परत घेऊन नवे द्यावेत. लॉकर आणि डीमॅटच्या नोंदी वेगळ्या असतात. बचत खात्यातला बदल तिथे आपोआप पोहोचेल असे धरू नये.

हात थरथरून सही करणेच अशक्य झाले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याच्या किंवा पायाच्या बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात; ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो.