रोज गोळी तेवढीच, मग झापड का वाढत जाते?

झोपेसाठी किंवा मनाच्या अस्वस्थतेसाठी रात्री डायझेपामची 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस सगळं ठीक असतं. आठवडा संपता संपता मात्र घरातली माणसं म्हणू लागतात, 'आजी दुपारीही पेंगतात, उठताना भिंतीला धरतात.' गोळी वाढवलेली नसते, म्हणून दोष वयाला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा औषधाच्या अर्धायुष्यात असतं.

अर्धायुष्य म्हणजे काय?

शरीरातलं औषध निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो, ते त्याचं अर्धायुष्य. हिशोब घटत्या शिलकीवरच्या घसाऱ्यासारखा चालतो. रोज ठरावीक मिलिग्रॅम औषध कमी होत नाही, तर जेवढं शिल्लक असेल त्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं अर्धायुष्य साधारण अडीच तास आहे. दुसऱ्या रात्रीपर्यंत तिचं जवळपास काहीच उरत नाही. सर्दी-खाजेच्या सेटिरिझिनचं सुमारे 8 तास, म्हणजे चोवीस तासांनी आठवा हिस्सा उरतो. ही औषधं रोज घेतली तरी फारशी साठत नाहीत. डायझेपामचं तसं नाही. तरुणपणी त्याचं अर्धायुष्य साधारण 20 तास असतं आणि वयाबरोबर ते वाढत जातं. सत्तरीत ते 70 तासांच्या घरात जाऊ शकतं.

आजींचा हिशोब

समजा, आजी 72 वर्षांच्या आहेत आणि अर्धायुष्य 72 तास, म्हणजे तीन दिवस. अशा वेळी दर चोवीस तासांत शिलकीचा साधारण पाचवा हिस्सा बाहेर जातो आणि चार हिस्से उरतात.

पहिल्या रात्री 5 मिलिग्रॅम पोटात गेलं. दुसऱ्या रात्री त्यातलं 4 शिल्लक असतं, त्यात नवीन 5 पडलं, झाले 9. तिसऱ्या रात्री सुमारे 12. सातव्या रात्री जवळजवळ 20, आणि चौदाव्या रात्री 24 च्या आसपास. म्हणजे चिठ्ठीवर रोज एकच गोळी, पण शरीरात जवळपास पाच गोळ्या.

हे वाढणं 25 ला थांबतं. 25 चा पाचवा हिस्सा 5, म्हणजे रोज जेवढं येतं तेवढंच जातं. कुठलंही औषध या पातळीला यायला साधारण चार ते पाच अर्धायुष्यं लागतात. आजींच्या बाबतीत दोन आठवडे.

शिवाय यकृतात डायझेपामपासून दुसरा एक पदार्थ तयार होतो, नॉर्डायझेपाम. तोही झोप आणतो आणि मूळ औषधापेक्षा जास्त रेंगाळतो. आम्लपित्तासाठी घेतलं जाणारं ओमेप्राझोल सोबत असेल, तर डायझेपामचा निचरा आणखी मंदावतो.

पहिली सकाळ फसवते

पहिली गोळी घेतल्यावर औषध रक्तातून आणि मेंदूतून लवकर बाहेर पडतं, पण शरीराबाहेर जात नाही. ते चरबीत जाऊन बसतं. म्हणून पहिल्या सकाळी ताजंतवानं वाटतं आणि 'गोळी चांगली मानवली' असं आपण ठरवतो. साठा भरत गेला की ही सोय उरत नाही.

काही जणांना शरीराच्या सवयीमुळे पुढे झापड कमी जाणवते. पण तोल आणि लक्ष पूर्ववत झालं, असा त्याचा अर्थ नाही. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका उरतोच. गाडी चालवणाऱ्यांनाही हेच लागू.

ओळखायचं कसं?

गोळी सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्रास पहिल्या दिवशी नव्हता, चौथ्या-पाचव्या दिवसापासून चढत गेला आणि दुसऱ्या आठवड्यात एका पातळीवर टिकला, तर साठण्याची शंका घ्यावी. बोलणं जड होणं, पाय लटपटणं, तेच तेच विचारणं ही त्याची लक्षणं. डॉक्टरांकडे जाताना तारीख आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या दाखवा. माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल, तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा. दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत असेल, तर हा धोका फार वाढतो.

थांबवतानाही तोच हिशोब

गोळी बंद केली की झापड दुसऱ्याच दिवशी जात नाही. आजींच्या साठ्यातलं निम्मं जायला तीन दिवस, पाऊण हिस्सा जायला सहा दिवस लागतील. मात्र काही आठवडे रोज घेतलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडू नये. झोप उडणं, हात थरथरणं, क्वचित फिट येणं असे त्रास होतात, आणि साठा हळूहळू संपत असल्यामुळे ते काही दिवस उशिराने दिसतात. डोस किती आणि किती दिवसांनी उतरवायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.