गजकर्णाचे मलम: कुठवर आणि कधीपर्यंत

गजकर्णावर मलम कसे लावायचे याबद्दल घरोघरी एकमत आहे. चट्टा दिसतो तिथे लावायचे आणि खाज थांबली की बंद करायचे. अर्धी उरलेली ट्यूब कपाटात जाते आणि महिन्या-दीड महिन्याने त्याच जागी खाज सुटली की पुन्हा बाहेर निघते. मग याच्या पाठोपाठ दुसरे मत येते, 'हल्लीच्या मलमांत काही दम राहिलेला नाही.' पहिले मत चुकीचे आहे, आणि दुसरे बऱ्याच वेळा पहिल्यामुळेच खरे वाटते, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष हलका नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. औषध रोगाच्या जागी लावावे, धडधाकट कातडीवर लावून काय साधणार? खाज हे रोगाचे लक्षण, ते गेले तर रोग गेला असे मानायला हरकत काय? तिसरा मुद्दा वजनदार आहे. टर्बिनाफिनच्या मलमाच्या वेष्टनावर काही देशांत 'दिवसातून एकदा, एक आठवडा' असे स्पष्ट छापलेले असते. कंपनीच जर आठवडा म्हणते, तर डॉक्टर महिना-दीड महिना लावायला का सांगतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चट्ट्याच्या आकारातच आहे. गजकर्ण म्हणजे कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात वाढणारी बुरशी. त्या थरातले केराटिन हे तिचे अन्न. ती एका बिंदूपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी बाहेर सरकत जाते. मागे सोडलेल्या भागात शरीराचा प्रतिकार तिला बऱ्याच अंशी हुसकावतो, म्हणून मधला भाग निवळलेला दिसतो आणि कडा लाल, उंच, खवलेदार राहते. रोगाची जिवंत आघाडी ती कडा. तपासणीसाठी खरवड घेतानाही डॉक्टर मधून घेत नाहीत, कडेवरून घेतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे सापडण्याची शक्यता तिथेच जास्त.

पण डोळ्यांना दिसणारी कडा ही बुरशीची हद्द नाही. लाली, उंचवटा आणि खाज ही बुरशी नव्हे, बुरशीवर शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे, आणि प्रतिक्रिया यायला वेळ लागतो. तोवर बुरशीचे धागे पुढे गेलेले असतात. कडेच्या बाहेरच्या, अगदी निरोगी दिसणाऱ्या कातडीतूनही ती मिळते. जो नेमका चट्ट्यापुरते मलम लावतो तो आघाडीच्या मागे औषध पसरतो. नवे वर्तुळ थोडे बाहेरून उमटते आणि त्याला वाटते, औषध चालू असतानाही रोग वाढतोय.

म्हणून कडेच्या बाहेर किमान २ सेंटिमीटर, सर्व बाजूंनी. ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. सुरक्षित अंतर म्हणून तज्ज्ञांनी ठरवलेला तो एक संकेत आहे. कुणी ३ सेंटिमीटर लावले म्हणून बिघडत नाही, अर्धा सेंटिमीटर लावले तर मात्र बिघडते. मधला निवळलेला भागही सोडायचा नाही, तिथे थोडीफार बुरशी शिल्लक असतेच. लावताना बोट बाहेरून आत आणावे. आतून बाहेर चोळत नेले तर कडेवरचे खवले चांगल्या कातडीवर ओढले जातात.

'एवढे लावायचे तर ट्यूब किती लागतील?' ही शंका रास्त आहे, म्हणून हिशेब करून पाहू. समजा एका रिक्षाचालकाच्या मांडीच्या आतल्या बाजूला ६ सेंटिमीटर व्यासाचा गोल चट्टा आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर धरले की व्यास १० होतो आणि क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. आकडा ऐकून छाती दडपते, पण मलम किती लागते ते पाहा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. बोटांसह दोन पंजांएवढी, म्हणजे जवळपास ३०० चौरस सेंटिमीटर जागा तेवढ्यात होते. आपल्या रिक्षाचालकाला एका वेळी त्या रेघेचा चौथा हिस्सा पुरे, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसातून दोनदा आणि सहा आठवडे धरले तरी ११ ग्रॅम होतात. १५ ग्रॅमची एक ट्यूब पुरून उरते. चट्टा दोन्ही मांड्यांना असेल तर दोन ट्यूब. जाड थर फासून चार दिवसांत ट्यूब संपवणारा माणूस याहून जास्त खर्च करतो आणि वर कपड्यांना पुसून टाकतो.

सहा आठवडे कुठून आले? आता खाजेच्या प्रश्नाकडे येऊ. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल या नेहमीच्या मलमांचे काम मुख्यतः बुरशीची वाढ रोखण्याचे आहे. तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारे अर्गोस्टेरॉल ती तयार होऊ देत नाहीत. वाढ थांबली की प्रतिक्रिया ओसरते आणि काही दिवसांतच खाज कमी होते. पण त्या मृत थरात जे धागे आणि बीजाणू अडकलेले असतात ते जागच्या जागी असतात. सुप्त बीजाणूंवर औषधाचा परिणामही कमी होतो. त्यांच्यापासून खरी सुटका कातडीच्या झडण्यातून होते, आणि तो वरचा थर पुरता बदलायला साधारण दोन आठवडे लागतात. खाज गेल्या दिवशी मलम थांबवणे म्हणजे पहारा उठवून बीजाणूंना मोकळे रान देणे. म्हणून चट्टा पूर्ण साफ झाल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवायचे. चट्टा साफ व्हायला चारेक आठवडे लागले तर एकूण सहा होतात. कुणाला कमी लागतील, कुणाला जास्त. मोजणी पहिल्या दिवसापासून नाही, साफ झाल्याच्या दिवसापासून.

'साफ' कशाला म्हणायचे यावरही गोंधळ होतो, आणि तो उलट्या दिशेचा. आपल्या सावळ्या कातडीवर गजकर्ण बरे झाल्यावरही तपकिरी-काळा डाग महिनोन् महिने राहतो. तो डाग जाईपर्यंत मलम चोळत बसणारेही भेटतात. डाग हा रोग नव्हे. खिडकीशी आडव्या उजेडात कातडी किंचित ताणून पाहा, कडेवरून बोटाचे टोक फिरवा. कडा हाताला लागत नसेल, जाड कागदाच्या काठाने हलके खरवडल्यावर पांढरा कोंडा निघत नसेल आणि खाज नसेल, तर उरलेला डाग कितीही काळा असो, जागा साफ झाली. त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी आणि तिथून दोन आठवडे मोजावेत.

आता वेष्टनावरचा तो आठवडा. टर्बिनाफिन वाढ रोखून थांबत नाही, ते बुरशीला मारते आणि मलम बंद केल्यावरही काही दिवस वरच्या थरात टिकते. औषधाला दाद देणारी बुरशी असेल, चट्टा लहान असेल, तर आठवडा पुरू शकतो, कंपनी खोटे बोलत नाही. पण तोच आठवडा क्लोट्रिमाझोलला लावता येत नाही. त्याच्या वेष्टनावर गजकर्णासाठी चार आठवडे छापलेले आढळतात. शिवाय भारतातली बुरशीच बदलली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी या जातीचे वर्णन केले, आणि ज्या रुग्णांपासून ती मिळाली ते भारत आणि नेपाळमधले होते. टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते त्याच्या जनुकातच या बुरशीच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो, त्यामुळे औषध तिथे नीट चिकटतच नाही. परदेशी वेष्टनावरचा आठवडा पुण्या-नागपुरातल्या मांडीला लागू करण्यात अर्थ नाही.

'दम राहिला नाही' या मतात सत्यांश आहे तो एवढाच. पण त्या मताचे मोठे बळ आणखी एका गोष्टीतून येते, ती म्हणजे दुकानातून मागून घेतलेले 'तीन-चार औषधांचे' मलम. त्यात बुरशीनाशक असते, एखादे प्रतिजैविक असते आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असते. ही शेवटची दोन जबरी स्टेरॉइडे. ती प्रतिक्रिया दाबतात, म्हणून खाज त्याच रात्री थांबते आणि मलमाचे नाव होते. प्रतिक्रिया दबली की बुरशीला अडवणारे कुणी उरत नाही. कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळे उमटतात, चट्टा ओळखू येईनासा होतो. याचे वर्णन १९६८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले, म्हणजे ही नवी गोष्ट नाही. मलम थांबवले की आग भडकते आणि रुग्णाला वाटते की हेच एक मलम मला लागू पडते. पुढे जांघेत कातडी पातळ होऊन ताणाचे चरे पडतात, आणि ते जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले, तरी काउंटरवरून ती अजून मिळतात. खाज थांबणे म्हणजे बरे होणे, हे समीकरण इथे तर पूर्ण उलटे पडते. २ सेंटिमीटर आणि दोन आठवडे हा नियमही अशा मलमाला लावायचा नाही.

जास्त दिवस लावणे नेहमीच चांगले, असा अर्थ मात्र यातून कुणी काढू नये. काम होत नसलेले मलम सहा महिने लावून काही साधत नाही. सुरुवात करताना बॉलपेनने कडेवर चार ठिपके द्यावेत आणि आंघोळीने पुसले तर पुन्हा त्याच जागी द्यावेत. अंघोळ करून, जागा पूर्ण कोरडी करून, रोज दोनदा लावूनही दोन-तीन आठवड्यांनी कडा ठिपक्यांच्या बाहेर गेली असेल, तर मलम बदलत बसण्यात अर्थ नाही. करगोटा बांधलेला असेल तर तो आधी काढावा. घामाने भिजलेल्या त्या दोऱ्यात बुरशी टिकते आणि कंबरेवरचा चट्टा हटत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला खाज असेल आणि टॉवेल एकच असेल, तर एकाच्या मांडीवर केलेली मेहनत दुसऱ्याच्या अंगावरून परत येते.

डोक्याचे आणि नखांचे गजकर्ण, दाढीतले, अंगभर पसरलेले, किंवा आधी स्टेरॉइड लागलेले, हे बाहेरून लावायच्या मलमाच्या आवाक्यातले नाही. केसांच्या मुळात गेलेल्या बुरशीपर्यंत मलम पोहोचत नाही, तिथे पोटातून औषध लागते, आणि ते यकृताचा, इतर गोळ्यांचा आणि गरोदरपणाचा विचार करून डॉक्टरांनीच द्यायचे. त्यांच्याकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. रुग्णाला नाव आठवत नाही आणि 'एक पांढरे मलम' एवढ्या वर्णनावरून त्यात क्लोबेटासोल होते की नाही ते कळत नाही. आणि नुकतेच मलम लावलेले असेल तर तेही आधीच सांगावे, कारण मलम लावलेल्या जागेवरच्या खरवडीत बुरशी असूनही ती दिसत नाही, आणि तपासणी उगाच 'बुरशी नाही' असे सांगून मोकळी होते.