छायाचित्रित तक्त्यांतील विलीन चौकटी व सामाईक शीर्षके

'''छायाचित्रित तक्त्यांतील विलीन चौकटी''' म्हणजे कागदी तक्त्याच्या छायाचित्रात आढळणाऱ्या, एकाहून अधिक ओळी अथवा रकाने व्यापणाऱ्या चौकटी होत. अशी चौकट शीर्षभागात असून अनेक रकान्यांवर पसरलेली असेल, तर तिच्यातील मजकुरास '''सामाईक शीर्षक''' म्हणतात. छायाचित्रावरून तक्ता उतरवून घेताना या चौकटींचा विस्तार चुकला, तर आकडा अचूक वाचला गेला तरी भलत्याच रकान्यात जातो. महाराष्ट्रातील महसुली दप्तरांपैकी '''गाव नमुना बारा''' (पिकांची नोंदवही) हे या अडचणीचे ठळक उदाहरण आहे.

== गाव नमुना बाराची रचना ==

गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून लोकव्यवहारातील 'सातबारा' होतो. नमुना बाराच्या हस्तलिखित काळातील प्रचलित छापील पानावर पहिले दोन रकाने वर्ष व हंगामाचे असतात. त्यापुढील ३ ते ११ या नऊ रकान्यांवर 'पिकाखालील क्षेत्राचा तपशील' हे सामाईक शीर्षक पसरलेले असते. त्याच्या पोटात 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' (३ ते ८) व 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' (९ ते ११) अशी दोन शीर्षके येतात. मिश्र पिकांच्या भागातही ६ ते ८ या रकान्यांवर 'घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र' असे आणखी एक शीर्षक असते. रकाने १२ व १३ लागवडीसाठी उपलब्ध नसलेल्या जमिनीचे असून रकाना १४ जलसिंचनाच्या साधनाचा असतो.

या रचनेत 'जल सिंचित' व 'अजल सिंचित' ही शब्दजोडी तीन वेळा येते: रकाने ४-५, ७-८ आणि १०-११. म्हणून केवळ खालच्या ओळीतील शीर्षक उतरवून भागत नाही. 'अजल सिंचित' हे रकान्याचे नाव अपुरे असून 'निर्भेळ – अजल सिंचित' हे पुरे आहे. मांडणीच्या भाषेत ते पुढीलप्रमाणे दाखवितात:

```
<tr><th colspan="3">निर्भेळ पिकाखालील क्षेत्र</th></tr>
<tr><th>पिकाचे नाव</th><th>जल सिंचित</th><th>अजल सिंचित</th></tr>
```

येथे `colspan` शीर्षकाने व्यापलेल्या रकान्यांची संख्या सांगते. अनेक ओळी व्यापणाऱ्या चौकटीसाठी `rowspan` वापरतात.

== शीर्षकाचा विस्तार ठरविणे ==

सामाईक शीर्षकाचा मजकूर सहसा त्याच्या चौकटीच्या मध्यभागी छापलेला असतो. 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' ही अक्षरे त्यामुळे रकाना १० च्या डोक्यावर दिसतात. जवळच्या रकान्यास शीर्षक देण्याची पद्धत अवलंबिल्यास ते एकट्या दहाव्या रकान्यास मिळते आणि ९ व ११ बिनशीर्षकाचे राहतात. विस्तार अक्षरांच्या जागेवरून ठरवू नये. शीर्षकाच्या डाव्या व उजव्या उभ्या रेषांवरून ठरवावा.

त्यासाठी वरून खाली न जाता खालून वर जाणे श्रेयस्कर ठरते. छापील शीर्षभागाखाली रकान्यांच्या क्रमांकांची एक ओळ असते आणि तीत एकही चौकट विलीन नसते. प्रथम या ओळीवरून रकान्यांच्या सीमा निश्चित कराव्यात. मग वरचे प्रत्येक शीर्षक ज्या दोन उभ्या रेषांमध्ये बसते, त्यांमधील सर्व क्रमांकांना ते लागू करावे. पान दोन छायाचित्रांत घ्यावे लागल्यास दोहोंत ही ओळ आलेली असावी, कारण जोड तिच्याच आधारे जुळतो.

तिरप्या छायाचित्रात उभ्या रेषा एका टोकाकडे मिटत जातात व आडव्या ओळी चढतात, त्यामुळे डावीकडील वर्षाची ओळ उजवीकडे शेजारच्या ओळीशी जुळल्यासारखी भासते. पानाचे चारही कोपरे धरून ते आयताकृती करून घेणे हे म्हणून पहिले काम होय. टेसरॅक्टसारखी अक्षर-ओळख प्रणाली प्रत्येक शब्दाची जागा `left` व `width` या मूल्यांनी देते. `left + width/2` हा शब्दाचा मध्य ज्या सीमांमध्ये पडेल तो त्याचा रकाना. हाताने लिहिलेला आकडा रेषा ओलांडून गेला असेल, तर मात्र डोळ्यांनीच निवाडा करावा लागतो.

== एक उदाहरण ==

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातील चिंचणी या गावाचे २०१३-१४ चे एक पान कल्पावे; पिके व आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पानाच्या माथ्यावर गाव, तालुका व जिल्हा एकदाच लिहिलेले असते. ही माहिती तक्त्याबाहेर असली तरी प्रत्येक ओळीस लागू पडते. येथे जिल्हा 'ठाणे' असा असेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि महसुली वर्षही १ ऑगस्टलाच सुरू होते, म्हणून २०१३-१४ चे पान संपूर्णपणे ठाण्याचे आहे. ते 'दुरुस्त' करून पालघर लिहिणे चूक ठरेल.

तक्त्यात तीन ओळी आहेत. वर्ष तिन्ही ओळींसाठी एकदाच आणि 'खरीप' पहिल्या दोहोंसाठी एकदाच लिहिले आहे. त्याच दोन ओळी व्यापणाऱ्या रकाना ५ च्या चौकटीत मिश्र पिकाचे एकूण क्षेत्र ०.४० हेक्टर आहे. रकाना ८ मध्ये नाचणी ०.२५ व उडीद ०.१५. पहिल्या ओळीत रकाना ११ मध्ये भात ०.६० आणि तिसऱ्या ओळीत रब्बीतील वाल ०.२०. रकाना १३ मध्ये ०.०५ हेक्टर असून रकाना १४ कोरा आहे.

```
वर्ष,हंगाम,गट,पीक,रकाना,क्षेत्र
२०१३-१४,खरीप,मिश्र एकूण,,५,०.४०
२०१३-१४,खरीप,घटक,नाचणी,८,०.२५
२०१३-१४,खरीप,घटक,उडीद,८,०.१५
२०१३-१४,खरीप,निर्भेळ,भात,११,०.६०
२०१३-१४,रब्बी,निर्भेळ,वाल,११,०.२०
```

वर्ष व हंगाम प्रत्येक ओळीत उतरले, पण ०.४० एकदाच आले. विलीन चौकटीतील नाव खालच्या ओळींत पुन्हा लिहिता येते, परिमाण लिहिता येत नाही. गणकतक्त्यातील 'खाली भरा' ही सोय सरसकट वापरली, तर ०.४० दोन ओळींत येऊन बेरीज ०.८० होते, आणि चाळीस गुंठ्यांहून थोडे कमी क्षेत्र कागदावर नव्याने उगवते.

== पडताळणी ==

घटक पिकांची बेरीज (०.२५ + ०.१५) रकाना ५ शी जुळली पाहिजे. त्यानंतर एकाच हंगामातील मिश्र एकूण, निर्भेळ व लागवडीस उपलब्ध नसलेले क्षेत्र मिळवावे: ०.४० + ०.६० + ०.०५ = १.०५ हेक्टर. ही बेरीज नमुना सातमधील एकूण क्षेत्राहून अधिक भरल्यास कोठेतरी परिमाण दुणावले आहे. घटक क्षेत्र या बेरजेत धरू नये, कारण ते रकाना ५ मध्ये आलेलेच असते. खरीप व रब्बीही एकत्र मिळवू नयेत; भाताच्याच खाचरात पुढे वाल घेतलेला असू शकतो.

बेरजेला न सापडणारी चूक कोऱ्या चौकटींमुळे होते. कोरी चौकट उतरवणीत गळाली, तर तिच्या उजवीकडील सर्व मूल्ये एक घर डावीकडे सरकतात. नाचणीचे ०.२५ व उडदाचे ०.१५ रकाना ८ ऐवजी ७ मध्ये गेले, तरी बेरीज ०.४० च राहते. मात्र कोरडवाहू जमीन कागदोपत्री बागायती होते. येथे रकाना १४ कामी येतो. जल सिंचित क्षेत्र भरलेले आणि सिंचनाचे साधन कोरे, असे दिसताच मूळ छायाचित्र पुन्हा पाहावे. यास्तव उतरवणीत कोरी चौकटही कोरी म्हणूनच नोंदवतात. तेथे शून्य लिहीत नाहीत, कारण लिहिलेले शून्य व न लिहिलेले क्षेत्र या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

कोरी चौकट व विलीन चौकट यांतील भेद आडव्या रेषेवरून कळतो: मधली रेषा असेल तर खालची चौकट कोरी, नसेल तर वरचीच चौकट खाली पसरलेली. हस्तलिखित पानांत ही कसोटी नेहमी लागू पडत नाही, कारण छापील रेषा तशाच ठेवून नुसता महिरपी कंस काढलेला असतो, किंवा 〃 ही पुनरुक्तीची खूण केलेली असते. ती खूण क्षेत्राच्या रकान्यात आढळली, तर मात्र ते मूल्य त्या ओळीसाठी पुन्हा लिहायचे असते. अक्षर-ओळख प्रणाली ती पुष्कळदा ११ अशी वाचते.