विटेपासून सुरुवात

चिकित्सक शिक्षणशास्त्राकडे वळणारा वाचक बहुधा एक उपमा ऐकूनच आलेला असतो. शिक्षक बँकेत पैसे भरावेत तसे ज्ञान भरतो आणि विद्यार्थी ते मुकाट्याने जपून ठेवतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी या रीतीला ‘बँकिंग’ शिक्षण म्हटले आणि तिच्यासमोर संवादाचे शिक्षण उभे केले. उपमा सोपी असल्यामुळे बरेच जण तिथेच थांबतात. वर्गात मुलांना प्रश्न विचारू दिले की संवाद झाला, असे त्यांना वाटते. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी सिद्धान्ताआधी फ्रेरींचा साक्षरतावर्ग पाहावा, असे मला वाटते.

१९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. अशा वर्गाची तयारी अंकलिपीने होत नसे. कार्यकर्ते आधी वस्तीत जाऊन लोकांचे बोलणे ऐकत, नोंदवून घेत. त्यातून पंधरा-वीस शब्द निवडले जात. शब्द लोकांच्या जगण्याशी घट्ट बांधलेला हवा आणि सगळे मिळून भाषेतले बहुतेक ध्वनी त्यांत यायला हवेत, अशा कसोट्या होत्या.

फ्रेरींच्या कामातला ‘तिझोलो’, म्हणजे वीट, हा शब्द घेऊ. आधी फक्त चित्र दाखवायचे: बांधकामावर राबणारी माणसे. त्यावर गप्पा होत. घर कोण बांधतो, त्यात राहतो कोण, बांधणाऱ्याचे स्वतःचे घर कसले? मग शब्द दाखवायचा, तो ति-झो-लो असा फोडायचा आणि प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे: ता-ते-ती-तो-तू, झा-झे-झी-झो-झू, ला-ले-ली-लो-लू. या तक्त्यातून शिकणाऱ्यांनी स्वतः शब्द जुळवायचे. कोणी ‘लूता’ करी, म्हणजे लढा. कोणी ‘लोझा’, म्हणजे दुकान. एकाने ‘तू झा ले’ असे जुळवल्याचे फ्रेरींनी नोंदवले आहे. अर्थ असा, की तू आता वाचतोस. (व्याकरण जरा चुकले होते, आणि त्यातला ‘तू’ आपलाच ‘तू’ आहे.)

मराठी वाचकाला हा तक्ता पाहून बाराखडी आठवेल, आणि ते बरोबरच आहे. अक्षरे शिकवण्याच्या या युक्तीत आपल्यासाठी फारसे नवे नाही. नवे आहे ते तिच्या अलीकडे: शब्द कोणाच्या तोंडचा आणि अक्षर येण्याआधी त्यावर कोण काय बोलले. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षरांना मतदानाचा हक्क नव्हता, हे लक्षात घेतले की या गप्पांचे वजन कळते. १९६४ च्या लष्करी उठावानंतर राष्ट्रीय साक्षरता योजना गुंडाळली गेली, फ्रेरींना तुरुंगात टाकले गेले आणि पुढे देश सोडावा लागला.

चिलीतल्या वनवासातली एक हकीकत त्यांनी नंतर लिहिली आहे. शेतकऱ्यांशी रंगलेली चर्चा अचानक थांबली. आम्हीच काय बोलतोय, तुम्ही सांगा, तुम्हाला कळतं, असे ते म्हणू लागले. फ्रेरींनी समजूत घालण्याऐवजी फळ्यावर दोन रकाने आखले आणि खेळ मांडला: एकमेकांना दहा-दहा प्रश्न विचारायचे. त्यांनी सॉक्रेटिसच्या प्रश्नपद्धतीबद्दल विचारले, हेगेलबद्दल विचारले, शेतकरी निरुत्तर. शेतकऱ्यांनी समपातळी रेषा म्हणजे काय, जमिनीत चुना का घालतात, असे विचारले, फ्रेरी निरुत्तर. शेवटी दहा-दहा अशी बरोबरी झाली.

या गोष्टीचा अर्थ ‘सगळ्यांना सगळे सारखेच कळते’ असा काढला जातो, तो मला भाबडा वाटतो. फ्रेरींना हेगेल माहीत होता आणि तो त्यांनी लपवला नाही. शिक्षकाने काहीच सुचवू नये, हे मत त्यांनी स्वतःच नाकारले आहे. शेतकऱ्यांचा ‘आम्हाला कळत नाही’ हा समज त्यांना मोडायचा होता, कारण तो टिकला तर उत्तम व्याख्यानही पुन्हा भरणाच ठरते.

संवाद कुठे फसतो, हेही फ्रेरींच्या कामात पाहायला मिळते. त्याची एक खूण सहज सापडते: चित्र दाखवताक्षणी सूत्रधार त्याचा ‘खरा अर्थ’ सांगू लागला, किंवा सगळ्यांची उत्तरे त्याला हव्या त्या निष्कर्षावरच येऊ लागली, तर रूप संवादाचे आणि काम बँकेचे. पण त्याहून खोल अडचण गिनी-बिसाऊमध्ये आली. १९७५ मध्ये या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने फ्रेरींना सल्लागार म्हणून बोलावले. साक्षरतेची भाषा म्हणून सरकारने पोर्तुगीज ठेवली, आणि खेड्यांतल्या बहुतेकांच्या रोजच्या बोलण्यात ती नव्हतीच. मग वस्तीत जाऊन लोकांचे शब्द टिपायचे, ही पद्धतीची पहिली पायरीच निखळली. शिकणाऱ्यांना आधी परकी भाषा आणि मग तिची अक्षरे शिकावी लागत होती. परिणाम निराशाजनक निघाले. पुढे फ्रेरींनीही भाषेची ही अडचण मान्य केली. संवादाच्या या शिक्षणात भाषेची निवड मात्र संवाद सुरू होण्याआधीच, राजधानीत, झालेली होती.